हजार टन गव्हाचा सायलो आणि बाजूच्या दाराचा हट्ट

लातूर जिल्ह्यातल्या एका रोलर फ्लोअर मिलसाठी गव्हाचे दोन काँक्रीट सायलो करायचे होते. आतला व्यास ८ मीटर, धान्याची उंची २४ मीटर, एकेकात साधारण १,०२५ टन गहू. सपाट तळ, तळाच्या मधोमध एक दार आणि त्याखाली कन्व्हेयरचं भुयार, असा साधा आराखडा. हिशेब पूर्ण होऊन सळईची ड्रॉइंगं निघायच्या बेतात होती तेव्हा मालकांचा फोन आला. "साहेब, भिंतीत खालच्या बाजूला एक दार ठेवा की. ट्रक लावला, शटर उचललं, गाडी भरली. कन्व्हेयरची वीज कशाला जाळायची?"

मागणी अगदी व्यवहाराची होती. भिंतीत फूटभर रुंदीचं भोक, त्याच्या भोवती थोड्या जास्त सळया, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते भोक माझ्या हिशेबात मात्र सगळी भिंत बदलून टाकत होतं. मालकांना आणि आमच्या ज्युनिअर इंजिनिअरला ते समजावण्यासाठी जी टिपणं काढली, त्यांवरून हे प्रकरण लिहितो आहे.

धान्य पाण्यासारखं वागत नाही

२४ मीटर उंचीची पाण्याची टाकी असती तर तळाशी दाब सुमारे २३५ किलोपास्कल आला असता. गहू पाण्यापेक्षा हलका, घनमीटरला ८५० किलो म्हणजे साधारण ८.३५ किलोन्यूटन. तो पाण्यासारखा वागला असता तरी तळाशी २०० किलोपास्कल दाब येता. प्रत्यक्षात तळाजवळच्या भिंतीवर गहू आडवा ढकलतो तो फक्त ३९ किलोपास्कलने.

बाकीचं वजन जातं कुठे? भिंतीत. प्रत्येक दाणा शेजारच्याला आडवा रेटतो, कडेचे दाणे भिंतीला घासतात आणि त्या घर्षणातून धान्याचं वजन भिंतीला लटकतं. जितकं खाली जावं तितकं भिंतीने उचललेलं वजन वाढत जातं आणि एका खोलीनंतर दाब वाढायचा जवळपास थांबतो. जान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९५ साली हे सूत्रात बसवलं आणि आजही सगळे कोड त्याच्याच पायावर उभे आहेत.

```
Ph(z) = (W·R/μ)·[1 − e^(−z/Z0)]
Z0 = R/(λ·μ)
```

इथे Ph म्हणजे z एवढ्या खोलीवरचा आडवा दाब, पुढे येणारा Pv म्हणजे उभा दाब, W म्हणजे धान्याचं दर घनमीटरचं वजन आणि R म्हणजे क्षेत्रफळ भागिले परीघ. गोल सायलोत तो व्यासाचा चौथा हिस्सा, आपल्याकडे २ मीटर. μ हे भिंतीशी होणारं घर्षण आणि λ म्हणजे उभ्या दाबाचा किती भाग आडवा वळतो ते प्रमाण.

आपला आयएस ४९९५ हा कोड एकाच धान्यासाठी दोन अवस्था मोजायला सांगतो: भरताना आणि रिकामं करताना. गव्हाचा अंतर्गत घर्षणकोन तो २८ अंश धरतो. भरताना भिंतीचा घर्षणकोन त्याच्या पाऊणपट, म्हणजे २१ अंश, आणि λ ०.५. रिकामं करताना घर्षणकोन ०.६ पट, म्हणजे १६.८ अंश, आणि λ थेट १. हे आकडे पहिल्यांदा पाहिले की ते मनाने घेतल्यासारखे वाटतात. त्यामागचं कारण साधं आहे. भरताना धान्य एकावर एक बसत, दबत जातं, त्यामुळे मुख्य दाब उभा असतो. दार उघडलं की सगळा ढीग खाली सरकू लागतो, उभ्या दिशेने सैल होतो आणि आडवा आवळला जातो. बसलेला ढीग आणि सरकता ढीग या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

भरताना:

```
μ = tan 21° = 0.384,  λ = 0.5,  Z0 = 10.4 m
z = 24 m:  Ph = 39.1 kPa,  Pv = 78.3 kPa
```

रिकामं करताना:

```
μ = tan 16.8° = 0.302,  λ = 1.0,  Z0 = 6.6 m
z = 24 m:  Ph = 53.8 kPa,  Pv = 53.8 kPa
```

म्हणजे दार उघडल्यावर भिंतीवरचा आडवा दाब ३९ वरून ५४ झाला आणि तळावरचा उभा दाब ७८ वरून ५४ वर उतरला. नवख्याची चूक नेमकी इथे होते. "जास्तीत जास्त दाब" म्हणून एकच अवस्था निवडली की एक तरी तपासणी कच्ची राहते. रिंगच्या सळयांना रिकामं करतानाचा आकडा लागतो, तळाच्या स्लॅबला भरतानाचा. भिंतीवर घर्षणाने येणारं उभं वजन पुन्हा रिकामं करताना जास्त असतं. सायलोतला एकूण गहू १०,०७० किलोन्यूटन. भरल्यावर त्यातले सुमारे ३,९४० तळ घेतो आणि ६,१३० भिंत. रिकामं करताना तळाचे २,७०० होतात आणि भिंतीवर ७,३७० येतात. परिघाच्या दर मीटरला धरलं तर भिंतीला लटकलेलं वजन २४४ वरून २९३ किलोन्यूटन होतं. गहू तोच, दारातून अजून पोतंभरही बाहेर पडलेला नाही, तरी वजनाची वाट बदलली.

आमच्या ज्युनिअरने एक चांगला प्रश्न विचारला. भिंत खरखरीत की गुळगुळीत, यावर μ ठरतो, मग कोडचा एकच आकडा कसा चालेल? म्हणून युरोपचा ईएन १९९१-४ लावून पाहिला. तो गव्हासाठी भिंतीच्या प्रकारानुसार वेगळे μ देतो आणि वर-खालच्या मर्यादाही घ्यायला लावतो. नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटच्या खरखरीत भिंतीला तळाशी रिकामं करतानाचा दाब ४१ आला, गुळगुळीत भिंतीला ५७. आपल्या कोडचे ५४ या दोहोंच्या मध्ये, गुळगुळीतच्या जवळ. वर्षानुवर्षं गहू घासून काँक्रीटची भिंत पॉलिश केल्यासारखी होते, हे जुन्या सायलोत उतरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्यामुळे ५४ वर थांबायला माझी हरकत नव्हती. ४१ वर मात्र मी थांबलो नसतो.

भिंत: मधलं दार असताना

गोल भिंतीवर सगळीकडून सारखा दाब असला की ती फक्त ताणली जाते, वाकत नाही. ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या: ५३.८ × ४ = २१५ किलोन्यूटन दर मीटर उंचीला. भिंत १८० मिलिमीटर, काँक्रीट एम ३०. सळईतला ताण मी १३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरवर रोखला. हा आकडा पाण्याच्या टाक्यांच्या कोडमधला आहे. सायलोत पाणी नसतं, पण भिंतीला तडा गेला की पावसाळ्यात पाणी आत येतं आणि भिंतीलगतचा हातभर गहू कुजतो. दुरुस्तीला आतून जायचं तर सायलो रिकामा करावा लागतो. त्यापेक्षा सळई थोडी जास्त परवडते.

२१५ भागिले १३०, म्हणजे १,६५४ चौरस मिलिमीटर. आत-बाहेर मिळून १२ मिलिमीटरची सळई १३० मिलिमीटरवर ठेवली की १,७४० मिळतात. काँक्रीटमधला ताण १.१, परवानगी १.५. उभं वजनही किरकोळ निघालं: घर्षणाचे २९३, भिंतीचे स्वतःचे ११७ आणि छत-गॅलरीचे १९, असे सुमारे ४३० किलोन्यूटन दर मीटरला, म्हणजे काँक्रीटवर २.४ न्यूटन. काँक्रीटला हे काहीच नाही. पन्हाळी पत्र्याचा सायलो असता तर हीच तपासणी सगळ्यांत अवघड ठरली असती, कारण पातळ पत्रा या उभ्या वजनाखाली बाहेर फुगून दुमडतो. तिथे रिंगचा ताण दुय्यम आणि उभ्या खांबपट्ट्या मुख्य होतात.

मधोमध दार असलं तरी प्रवाह अगदी समतोल कधीच नसतो. म्हणून युरोपचा कोड भिंतीच्या समोरासमोरच्या दोन छोट्या पट्ट्यांवर जास्तीचा दाब लावायला सांगतो. आपल्या सायलोला तो ५.४ किलोपास्कल आला, १.६ मीटर उंचीच्या पट्ट्यावर. फक्त एक सुटं कडं धरून हिशेब केला तर वाकणं खूप दिसतं. पण पट्टा छोटा असल्याने वरची-खालची भिंत हातभार लावते आणि पूर्ण भिंतीच्या मॉडेलमध्ये साडेतीन किलोन्यूटन-मीटरच्या आसपासच उरलं. तेवढ्यासाठी सळई १३० ऐवजी १०० मिलिमीटरवर आणली. एका थरावर १,१३१ चौरस मिलिमीटर आणि सळईतला ताण १२७. हे अंतर तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत तसंच ठेवलं. अर्ध्या उंचीवरही दाब ४६ आहे, तळाच्या ५४ पेक्षा फार कमी नाही. पाण्याच्या टाकीच्या सवयीने वरच्या सळया भराभर विरळ करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बाजूचं दार: एकाच भिंतीवर तीन वेगळे दाब

आता मालकांचं दार. भिंतीलगतचं शटर उचललं की सगळा ढीग हलत नाही. दारापासून वर एक चिंचोळी नळी तयार होते, तिच्यातला गहू खाली वाहतो आणि बाकीचा जागच्या जागी उभा राहतो. नळीतला गहू तिच्या सगळ्या बाजूंना घासत जात असल्याने त्याचा दाब फार कमी असतो. म्हणजे भिंतीच्या एका उभ्या पट्टीवर दाब एकदम उतरतो, आणि नळीच्या दोन्ही कडांना थांबलेल्या धान्यावर तो भार जाऊन तिथे दाब चढतो.

ईएन १९९१-४ ही नळी किती रुंद असेल ते आधी सांगता येत नाही असं मान्य करतो आणि सायलोच्या त्रिज्येच्या ०.२५, ०.४ आणि ०.६ अशा तीन रुंदी तपासायला लावतो. हिशेबात गव्हाचे गुणधर्म आपल्या कोडचेच ठेवले. ०.४ चा हिशेब असा. नळीची त्रिज्या १.६ मीटर आणि ती भिंतीला १.९ मीटर रुंदीत चिकटते. नळीच्या आतला दाब १३ किलोपास्कल. भिंतीच्या बाकीच्या भागावर थांबलेल्या धान्याचे ३९. नळीच्या दोन्ही कडांना सुमारे ९५-९५ सेंटिमीटरच्या पट्ट्यांवर ६५.

म्हणजे पावणेचार मीटरच्या भिंतीत दाब ६५, १३, ६५ असा उतरतो आणि चढतो. गोल भिंतीचा सगळा जोर तिच्या गोलपणात असतो. असमान दाबाने ती नळीजवळ सपाट व्हायला बघते. नळीच्या मधोमध भिंतीचा आतला भाग ताणला जातो, कडांच्या पुढे बाहेरचा. कड्याच्या हिशेबाने आतल्या अंगाला सुमारे २० किलोन्यूटन-मीटर वाकणं आलं. नळी भिंतीच्या जवळजवळ पूर्ण उंचीभर जाते, त्यामुळे इथे वरच्या-खालच्या भिंतीची मदत फारशी मिळत नाही.

आता ही भिंत तपासली. त्या जागी १५६ किलोन्यूटनचा ताण आणि त्याच्या जोडीला २० चं वाकणं. १८० मिलिमीटरच्या भिंतीत आतली सळई मध्यापासून जेमतेम ४९ मिलिमीटरवर असते, तेवढ्या हाताने २० पेलायचे. आतल्या सळईवर सुमारे २५५ किलोन्यूटन आले. पहिल्या हिशेबातल्या १३० मिलिमीटरवरच्या सळईत २९३ चा ताण आला, मी घातलेली हद्द १३० न्यूटनची असताना. कोसळण्याच्या दृष्टीने १.५ ने गुणलं तर ४४०, आणि एफई ५०० सळईची हद्द ४३५. म्हणजे गाळात रुतण्यापूर्वी बैलगाडीचं चाक जसं कडेवर तोललेलं असतं तशी भिंत. आणि हा आकडा सगळ्यांत वाईट नव्हता. ०.६ ची रुंद नळी धरली तर नळीतला दाब वाढून १९.६ होतो, पण पट्टी रुंद झाल्याने वाकणं ३६ वर जातं. सळई १०० वर आणूनही ते बसत नाही.

भोकाभोवती जास्त सळया घालून हे भागत नाही, कारण भोक तळाशी असलं तरी नळी वरपर्यंत जाते. भिंत जाड करून पाहिली. २५० मिलिमीटर भिंत आणि दोन्ही अंगांना १६ ची सळई असं काहीसं लागत होतं, तेही पूर्ण परिघाला. दार कुठल्या बाजूला ते ठाऊक असताना फक्त त्याच बाजूला सळई वाढवायचा मोह होतो. पण नळी थोडी जरी सरकली तरी ६५ चा पट्टा पातळ सळईच्या भागात जातो.

मालकांना आकडे दाखवून उपयोग नव्हता. कार्यालयातला पुठ्ठ्याचा नळा, ड्रॉइंग ठेवायचा, तो घेतला. तळहातांनी चहूबाजूंनी दाबला, काही झालं नाही. मग एका बाजूला एकाच अंगठ्याने दाबला आणि तो चेपला. ते म्हणाले, "म्हणजे एका बाजूनं काढलं की असं?" मी म्हटलं, "हो. सायलोतही अंगठा असाच बाहेरून आत लागल्यासारखा, कारण आतला आधार तेवढ्या जागी निघून जातो."

तोडगा जुनाच निघाला. मधलं दार तेच ठेवलं. भुयारातल्या कन्व्हेयरपुढे एक एलिव्हेटर आणि बाहेर स्वतंत्र लोखंडी पायांवर चाळीस टनांची छोटी लोडिंग टाकी. ट्रक त्या टाकीखाली लागतो आणि शटर उचललं की भरतो. वीज लागते, पण ट्रक उभा असताना नव्हे, आधीच. शिवाय भिंतीची जाडी वाचली.

पाया: काळी माती आणि वजनाची वाट

जागेवर वरची अडीच-पावणेतीन मीटर काळी माती, मग थोडा मऊ मुरूम आणि खाली झिजलेला बेसॉल्ट. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर सायलो ठेवायचा प्रश्नच नव्हता. सगळी काढून ३ मीटरवर १२ मीटर व्यासाचा, मीटरभर जाड गोल राफ्ट, म्हणजे पायाची सलग स्लॅब, घेतला. भू-तपासणीच्या अहवालाने त्या खोलीवर २५० किलोपास्कल दिले होते.

गहू, भिंत, छत, भुयार आणि राफ्ट मिळून सुमारे १७,००० किलोन्यूटन, भागिले ११३ चौरस मीटर, म्हणजे १५० किलोपास्कल. इथे बरेच जण थांबतात, कारण १५० हे २५० पेक्षा कमी आहे. पण वजन राफ्टवर सारखं पसरून येत नाही. साठ टक्क्यांहून जास्त गहू भिंतीतून कड्यासारखा उतरतो आणि उरलेला मधल्या तळावर. राफ्टचं स्वतःचं वजन वगळता जमीन खालून १२५ ने वर ढकलते. भिंतीबाहेरचा १.८२ मीटरचा भाग मोकळ्या छज्जासारखा वर वळतो: १२५ × १.८२² ÷ २, म्हणजे सुमारे २०७ किलोन्यूटन-मीटर. मधल्या भागावर भरलेल्या अवस्थेत गव्हाचे ७८ खाली दाबतात, म्हणजे वरच्या दिशेने ४७ उरतात. रिकामं करायला सुरुवात झाली की गव्हाचे ५४ होतात आणि वरच्या दिशेने ७१ उरतात. म्हणून राफ्टच्या मधल्या भागाची वरची सळई दार उघडतानाच्या क्षणावर ठरली.

वारा रिकाम्या सायलोवर तपासला, कारण तेव्हा त्याला धरून ठेवणारं वजन नसतं. वाऱ्याचं उलथवणं २,६०० किलोन्यूटन-मीटर, वजन ६,९३०, म्हणजे भार मध्यापासून ३८ सेंटिमीटर सरकतो. राफ्टची एक कड उचलायला तो दीड मीटर सरकावा लागतो. मग भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपापूर्वी हा भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशाच्या २००२ च्या आवृत्तीत तो तिसऱ्या पट्ट्यात आला. इथे गहू स्वतःच शत्रू होतो: पूर्ण भरलेल्या सायलोचं सगळं वस्तुमान हलतं. आडवा गुणक ०.१० धरून पायाशी सुमारे २०,४०० किलोन्यूटन-मीटर आले, वाऱ्याच्या आठपट. एका कडेला दाब १५० अधिक १२०, म्हणजे २७०, दुसऱ्या कडेला ३०. भूकंपात जमिनीची परवानगी चौथा हिस्सा वाढवता येते, म्हणजे ३१२. बसलं, आणि कुठेही कड उचलली जात नाही.

तरी अहवालाबाबत मी अडून बसलो. पहिल्या तपासणीत एकच बोअर होता, सहा मीटरचा. १२ मीटर रुंद राफ्टचा दाब निदान त्याच्या रुंदीइतक्या खोलीपर्यंत तरी चांगलाच जाणवतो. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे १८ ऑक्टोबर १९१३ ला धान्याचं मोठं कोठार भरत असताना जवळजवळ २७ अंशांत कलंडलं. भिंती शाबूत होत्या, इमारत एकसंध होती, पण ज्या खोलीवर जमीन तपासली होती तिच्याखाली मऊ चिकणमाती होती आणि तिने दगा दिला. पुढे ती इमारत सरळ करून वापरातही आणली गेली. आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे हे खरं. पण लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा निघतो, हे विहिरी खणणाऱ्यांना विचारा. तीन बोअर पंधरा मीटरपर्यंत घेतले. पट्टा निघाला नाही.

साइटवर

भिंत स्लिपफॉर्मने, म्हणजे वर सरकत जाणाऱ्या साच्याने चढली, दिवसरात्र न थांबता. यात एक धोका असा की साचा पुढे सरकत राहतो आणि एखादी आडवी रिंग बांधायची राहिली तर ती काँक्रीटमध्ये दिसतच नाही. सकाळी भिंत उत्तम दिसते. म्हणून जॅकच्या उभ्या सळयांवर दर १०० मिलिमीटरवर रंगाची खूण करवली आणि दर पाळीला मुकादमाने रिंगा मोजून पाटीवर लिहायच्या असं ठरवलं. दुसऱ्या रात्रीच्या पाळीत तळापासूनच्या १२० खुणांमागे ११७ रिंगा निघाल्या. तीन रिंगा कमी, एकमेकींना लागून. साचा अजून अर्धा मीटरच पुढे गेला होता, ओलं काँक्रीट फोडून त्या बसवल्या.

पहिली भरणी चार टप्प्यांत केली. राफ्टच्या कडेला आठ ठिकाणी पितळी बटणं बसवली होती, प्रत्येक पाव भरणीनंतर दोन दिवस थांबून लेव्हल घेतली. पूर्ण भरल्यावर सरासरी ९ मिलिमीटर खचलं आणि समोरासमोरच्या कडांत ३ मिलिमीटरचा फरक. १२ मीटरवर ३ मिलिमीटर, म्हणजे वरच्या गॅलरीला काहीच नाही. शेजारचा दुसरा सायलो तेव्हा मुद्दाम रिकामा ठेवला होता, दोघांमधल्या गॅलरीचा सांधा किती उघडतो ते पाहायला.

पहिलं रिकामं करताना वरच्या मॅनहोलमधून बॅटरी लावून आत पाहिलं. गव्हावर खळगा पडला होता, पण मधोमध नव्हे. भिंतीवरच्या खुणांवरून तो सुमारे एक मीटर पूर्वेला सरकलेला होता. खाली जाऊन पाहिलं तर कन्व्हेयर दाराच्या लांबट भोकाच्या मागच्या टोकाकडूनच भरून येत होता आणि पुढच्या टोकाच्या गव्हाला साखळीत जागाच उरत नव्हती. भोकाखाली तिरपी पट्टी बसवली, जेणेकरून पुढे सरकताना साखळीवर जागा वाढत जाईल. दुसऱ्या वेळी खळगा मधल्या खुणेपासून वीतभर अंतरावर पडला.